नव्याने व्हीगन झालात? वाण्याकडून काय घ्यावे आणि औषधाच्या दुकानातून काय

पाच महिन्यांपूर्वी व्हीगन झालेली २८ वर्षांची एक तरुणी मागे माझ्याकडे आली होती. पुण्यात आयटीत नोकरी, वजन ५५ किलो, घर पहिल्यापासून शाकाहारी. जिना चढताना दम लागतो, केस गळतात आणि रात्री तळपायांना मुंग्या येतात, अशा तिच्या तक्रारी होत्या. "डॉक्टर, मी खाण्याकडे खूप लक्ष देते," असे सांगून तिने मोबाईलवर महिन्याची किराणा ऑर्डर उघडून दाखवली. त्या यादीत बदामाचे दूध, व्हीगन चीज, पालक, पीनट बटर, टोफू, ओट्स, सैंधव मीठ आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या होत्या. बिल मोठे होते आणि मेहनतही दिसत होती. तरीही तिने दूध-दही सोडून जे गमावले होते, त्यातले जवळपास काहीच या यादीतून परत येत नव्हते.

ती यादी आम्ही एकेका ओळीने तपासली. नव्याने व्हीगन झालेल्या बहुतेकांची खरेदी थोड्याफार फरकाने अशीच असते, म्हणून तोच हिशोब इथे मांडतो आहे.

दूध सोडल्यावर नेमके काय जाते?

ही तरुणी पूर्वी चहा, दही, ताक आणि पनीर मिळून रोज साधारण अर्धा लिटर दुधाइतके दुग्धजन्य पदार्थ खात असे. अर्धा लिटर गाईच्या दुधात सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १६ ग्रॅम प्रथिने असतात. शाकाहारी माणसाच्या आहारातले जवळपास सगळे बी-१२ जीवनसत्त्वही दुधातूनच येते. दूध सोडले की या तीन गोष्टी एकाच दिवशी ताटातून जातात.

लोहाचे मात्र तसे नाही. दुधात लोह जवळजवळ नसतेच. त्यामुळे शाकाहारी माणूस व्हीगन झाला म्हणून त्याचे लोह कमी होत नाही. ते कमी निघाले तर बहुधा आधीपासूनच कमी असते आणि तपासणी आता झालेली असते. मांस किंवा मासे सोडून थेट व्हीगन झालेल्यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांचे सहज शोषले जाणारे लोह खरोखरच बंद होते.

या चार घटकांचे मी दोन गट करतो. प्रथिने आणि लोह आपल्या नेहमीच्या वाण्याकडे मिळतात. कॅल्शियम आणि बी-१२ मात्र पाकिटावर आकडा वाचूनच घ्यावे लागतात. ‘नैसर्गिक आहारातून मिळेल’ या भरवशावर ते सोडता येत नाहीत.

बी-१२: यादीतली पहिली वस्तू

बी-१२ फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. कोणत्याही भाजीत, डाळीत किंवा फळात ते भरवशाने मिळत नाही. इडली-डोशाचे पीठ आंबवून ते पुरेसे तयार होत नाही. स्पिरुलिनातही बहुतांश बी-१२ सारखा दिसणारा, पण शरीराला निरुपयोगी असा पदार्थ असतो. तो काही रक्त तपासण्यांत खऱ्या बी-१२ मध्ये मोजला जाऊ शकतो, म्हणजे अहवाल बरा दिसतो आणि नसा उपाशीच राहतात. त्या तरुणीच्या यादीतली सगळ्यात महागडी आणि सगळ्यात कमी उपयोगाची वस्तू हीच होती.

"बी-१२ चा साठा यकृतात तीन-चार वर्षे पुरतो, घाई नाही," असे वाक्य इंटरनेटवर पुष्कळदा वाचायला मिळते. ते भरपूर मांसाहार करणाऱ्यांना लागू पडते. आपल्याकडे सुरुवातच कमतरतेतून होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचे बी-१२ कमी आढळले. त्यात शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही होते, व्हीगन होण्याचा तर प्रश्नच नव्हता. अशा साठ्यावर दूध बंद केले तर वर्षानुवर्षांची मुदत मिळत नाही. गोळी पहिल्या दिवसापासून सुरू करायला हवी.

ती किती मोठी असावी? प्रौढ माणसाची गरज दिवसाला सुमारे २.२ मायक्रोग्रॅम आहे. पण आतडे एका वेळी जेमतेम दोन मायक्रोग्रॅम नीट उचलते आणि उरलेल्यातला साधारण एक टक्का आपोआप झिरपतो. म्हणून ५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून प्रत्यक्षात सात मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळते. आकडा ऐकून दचकू नका. कमतरता नसलेल्या प्रौढाला रोज ५०० ची एक गोळी पुरते. याउलट अनेक मल्टीव्हिटॅमिनमध्ये फक्त एक मायक्रोग्रॅम बी-१२ असते आणि व्हीगन माणसाला तेवढ्याने भागत नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला ‘बी-१२ युक्त’ लिहिलेले असते, पण आकडा मागच्या बाजूला असतो. वाचायचा तो मागचा.

औषधाच्या दुकानात आणखी एक चूक होते आणि ती मी वरचेवर पाहतो. नुसते "बी-१२ ची गोळी द्या" म्हटले की कधीकधी मिथाइलकोबालामिनबरोबर प्रीगाबालिन किंवा गाबापेन्टिन असलेली गोळी हातात पडते. हे नसांच्या दुखण्यावरचे औषध आहे. त्याने झोप येते, चक्कर येते आणि ते मनाने घेणे किंवा अचानक बंद करणे योग्य नाही. पत्त्याच्या मागे घटकांत फक्त मिथाइलकोबालामिन किंवा सायनोकोबालामिन लिहिलेले आहे ना, हे पाहूनच घ्या. दोन्ही प्रकार चालतात. सायनोकोबालामिन जास्त टिकाऊ आहे, मिथाइल आपल्याकडे जास्त सहज मिळते.

पायांना मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणे, अंधारात चालताना तोल जाणे यांपैकी काही असेल तर गोळ्यांवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. अशा वेळी सुरुवातीला इंजेक्शने लागतात. नसांचे नुकसान लांबले तर ते पूर्ण भरून येईलच असे नाही. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणूनही निश्चिंत राहू नये. व्हीगन आहारात डाळी आणि पालेभाज्यांमुळे फोलेट भरपूर असते, त्यामुळे रक्त ठीक दिसते आणि नसा मात्र आतून बिघडत राहतात.

कॅल्शियम: ‘दूध’ कोणते आणि टोफू कोणता

बदामाचे दूध दुधासारखे दिसते एवढेच त्यांच्यातले साम्य. घटकांची यादी वाचली तर बहुतेक पाकिटांत बदाम अवघे काही टक्के आणि बाकी पाणी असते. एका ग्लासातून प्रथिने जेमतेम एक ग्रॅम मिळतात. कॅल्शियम वेगळे घातलेले नसेल तर तेही नगण्यच. नारळाच्या दुधाचेही तेच. दुधाच्या जागी घ्यायचे असेल तर सोयाचे पेय घ्या, कारण त्याच्या ग्लासात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा पाकिटावर ‘दूध’ हा शब्द वापरता येत नाही, म्हणून दुकानात ‘सोया बेव्हरेज’ किंवा ‘सोया ड्रिंक’ या नावाने शोधा.

पाकीट उलटे करून पोषणाच्या तक्त्यात कॅल्शियमचा आकडा पाहा. १०० मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर ते गाईच्या दुधाच्या बरोबरीचे. कॅल्शियमची ओळच नसेल तर ते घातलेले नाही असे समजा. ‘ऑर्गॅनिक’ किंवा ‘काहीही न मिसळलेले’ असे मिरवणाऱ्या पाकिटांत हे हमखास होते. घरी काढलेल्या सोया दुधात प्रथिने चांगली असतात, पण कॅल्शियम गाईच्या दुधाच्या पासंगालाही पुरत नाही. आणि पाकीट ओतण्याआधी चांगले हलवा. घातलेले कॅल्शियम तळाशी बसते. न हलवता ओतले तर ते पाकिटाबरोबर कचऱ्यात जाते.

टोफूची गंमत अशी की तो कशाने घट्ट केला आहे यावर त्याचे कॅल्शियम ठरते. घटकांत कॅल्शियम सल्फेट किंवा आयएनएस ५१६ लिहिले असेल तर तो टोफू कॅल्शियमचा उत्तम स्रोत आहे. मॅग्नेशियम क्लोराइड (५११) किंवा ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन (५७५) असेल तर प्रथिने तेवढीच, कॅल्शियम मात्र बरेच कमी. डेअरीत सुटा मिळणारा टोफू प्रथिनांसाठी जरूर घ्या, कॅल्शियमच्या हिशोबात धरू नका.

आता पालक. पालकात कॅल्शियम असते, पण ऑक्झलेटने ते बांधून ठेवलेले असते. त्यातले पाच टक्क्यांच्या आसपासच शरीरात जाते. दुधातले किंवा कॅल्शियमने घट्ट केलेल्या टोफूतले साधारण तीस टक्के जाते. माठ, अळू आणि चुका हेही पालकाच्याच पंगतीतले. भाजी म्हणून ती खावीत, कॅल्शियमसाठी मेथी, शेवग्याचा पाला, कोबी यांकडे वळावे. तिळाचे आकडे छापील तक्त्यात फार मोठे दिसतात, पण कॅल्शियमचा बराच भाग सालीत आणि ऑक्झलेटसोबत असतो. तिळाची चटणी खा, पण तिच्यावर हाडांचा भार टाकू नका. नाचणी मात्र कामाची आहे. १०० ग्रॅम पिठात सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून साधारण २२० मिलिग्रॅम. तेही पूर्ण शोषले जात नाही, पण रोजच्या जेवणातून एवढे देणारे दुसरे धान्य नाही.

प्रौढांची गरज दिवसाला १००० मिलिग्रॅम धरतात. कॅल्शियम घातलेल्या सोया पेयाचे दोन ग्लास, नाचणीची भाकरी, मेथीसारखी एखादी भाजी आणि ५१६ वाला टोफू असे जमत असेल तर गोळीची गरज सहसा पडत नाही. सोया पेय परवडत नाही किंवा आवडत नाही असे पुष्कळ जण सांगतात, आणि त्यांचे चुकत नाही, ते महागच आहे. त्यांनी जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी. इथेही लेबल नीट वाचा. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ या गोळीत शुद्ध कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम’ मध्ये फक्त २१० च्या आसपास. मोठा आकडा म्हणजे जास्त कॅल्शियम नव्हे. मुतखडा होऊन गेला असेल तर गोळी विचारूनच सुरू करा.

गोळ्या खरोखर व्हीगन आहेत का?

पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, आणि आपल्या व्याख्येत दूध आणि मध शाकाहारीच आहेत. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने २०२२ मध्ये वेगळे नियम केले. त्यांचे चिन्ह म्हणजे हिरवे इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि त्याला पान. ते नसेल तर घटकांच्या यादीत दुधाची पावडर, व्हे, केसीन, केसीनेट हे शब्द शोधा. चहासाठी मिळणाऱ्या ‘नॉन-डेअरी’ पावडरीतही सोडियम केसीनेट असू शकते आणि ते दुधापासूनच काढतात.

बी-१२ सूक्ष्मजीवांपासून बनते, तिथे प्रश्न नाही. मऊ कॅप्सूलचे आवरण बहुतेकदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. साध्या गोळीत भर म्हणून दुधातली साखर असू शकते. ड जीवनसत्त्वाचा डी-३ हा प्रकार सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, आणि कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांत तोच घातलेला असतो. लायकेनपासून काढलेला डी-३ किंवा डी-२ हे व्हीगन पर्याय आहेत. मिळाला तर तो घ्या. मिळत नसेल आणि कमतरता जास्त असेल तर काय करायचे, हा निर्णय रुग्णाचा आहे. मी फक्त एवढेच सांगतो की उपचार टाळू नका. आठवड्याला ६०,००० युनिटची मात्रा मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपलीकडे चालू ठेवू नका. वर्षभर ती घेऊन रक्तातले कॅल्शियम वाढलेले लोक मी पाहिले आहेत.

प्रथिने आणि लोह: आता वाण्याकडे

इथे महागडी खरेदी करावी लागत नाही. ५५ किलो वजनाला दिवसाला किमान ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. डाळी-धान्यांतली प्रथिने थोडी कमी पचतात म्हणून मी ५५ ग्रॅमचे लक्ष्य देतो. त्या तरुणीसाठी मांडलेला दिवस असा होता: चार पोळ्या-भाकऱ्यांतून सुमारे १२ ग्रॅम, थोड्या भातातून ४, वाटीभर डाळीतून ६, मटकीच्या किंवा हरभऱ्याच्या उसळीतून (५० ग्रॅम कोरडे कडधान्य) १०, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि सोया पेयाच्या दोन ग्लासांतून १२ ते १३. बेरीज पन्नाशी ओलांडते. उरलेले टोफूतून येते किंवा ३० ग्रॅम सोया चंक्समधून. एवढ्याशा चंक्समध्ये १५ ग्रॅम प्रथिने असतात आणि किमतीच्या मानाने दुकानात त्यांना तोड नाही. व्हीगन चीज मात्र यादीतून काढले. ते मुख्यतः खोबरेल तेल आणि स्टार्च असते. चवीसाठी हवे तर खावे.

खरी अडचण प्रमाणाची असते. घरातले वरण पातळ असते आणि वाटीत डाळ कमी, पाणी जास्त. महिन्याच्या किराण्यावरून हे चटकन कळते. एका माणसामागे महिन्याला डाळी आणि कडधान्ये मिळून अडीच किलोच्या आत येत असतील, तर प्रथिने पुरत नाहीत असे समजा. वरच्या हिशोबाप्रमाणे रोजचे ८० ग्रॅम होतात, ते याच आकड्याला जाऊन मिळतात.

लोहाची गरज पाळी येणाऱ्या स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम, पुरुषासाठी १९. कडधान्ये, सोयाबीन, बाजरी आणि राजगिरा यांतून ते येते, पण वनस्पतींतले लोह थोडेच शोषले जाते. म्हणून काय खाल्ले याइतकेच ते कशाबरोबर खाल्ले यालाही महत्त्व आहे. उसळीवर लिंबू पिळले, जेवणात आवळा किंवा पेरू घेतला तर शोषण दोन-तीन पट वाढू शकते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते निम्म्याहून खाली येते. चहाला जेवणापासून तासभर लांब ठेवा. कडधान्ये भिजवून मोड आणण्याची आपली पद्धतही लोहाच्या शोषणाला मदत करते.

हळिवाविषयी हमखास विचारतात. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम हळिवात १०० मिलिग्रॅम लोह छापलेले असे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ते सुमारे १७ आहे. चमचाभर हळिवातून एक मिलिग्रॅमच्या आसपास मिळेल. लाडू चांगलाच आहे, औषध म्हणून पुरेसा नाही.

लोहाची गोळी मात्र मनाने सुरू करू नका, आधी फेरिटिन तपासा. चालू असेल तर कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी लोह, कॅल्शियम आणि सोया पेय त्या गोळीनंतर चार तासांनी घ्यावे.

सैंधव मिठाबद्दल एकच वाक्य: त्यात आयोडीन घातलेले नसते, म्हणून रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच वापरा.

तपासण्या आणि पुढे काय झाले

व्हीगन होताना सीबीसी, फेरिटिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. त्या तरुणीचे हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन ९ आणि बी-१२ होते १४२. लाल पेशींचा आकार अहवालात अगदी सामान्य होता, आणि तो पाहूनच आधी एका ठिकाणी तिला "काही विशेष नाही, ताण आहे" असे सांगितले गेले होते. लोह कमी झाले की पेशी लहान होतात, बी-१२ कमी झाले की मोठ्या. दोन्ही कमी असले की सरासरी मधोमध येते.

मुंग्या येत असल्याने तिला आधी बी-१२ ची इंजेक्शने दिली, नंतर गोळी. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबू-पाण्याबरोबर. किराण्यात बदामाच्या दुधाऐवजी कॅल्शियम घातलेले सोया पेय आले, स्पिरुलिना आणि चीज गेले, दोन किलो कडधान्ये, सोया चंक्स आणि नाचणीचे पीठ वाढले. बिल आधीपेक्षा कमी झाले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.६ आणि फेरिटिन २८ झाले. दम लागणे थांबले. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, डाव्या पायाच्या बोटांत थोड्या अजून आहेत. लोह आणखी तीन महिने चालू राहील, आणि बी-१२ ची गोळी ती व्हीगन आहे तोवर.

गरोदरपणात, बाळाला अंगावर पाजत असताना, लहान मुलांसाठी किंवा मूत्रपिंडाचा आजार असताना वरचे आकडे बदलतात. तेव्हा ही यादी घेऊन आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा.